कॉम्प्लेक्सचं नाव ठेवताय? आधी टॅक्सीवाल्याला विचारा!



महाबळेश्वरला जाणार असाल तर एक छोटा प्रयोग करा. एसटी स्टँडवर उतरा आणि टॅक्सीवाल्याला सांगा, "महाबळेश्वरला सोडा." तो तुमच्याकडे बघेल आणि विचारेल, "अहो, महाबळेश्वरातच तर उभे आहात. क्षेत्राला जायचंय का?"

त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. महाबळेश्वर नावाच्या दोन जागा आहेत. एक मूळची, जिथे महाबळेश्वराचं आणि पंचगंगेचं मंदिर आहे. तिला लोक क्षेत्र महाबळेश्वर किंवा जुनं महाबळेश्वर म्हणतात. दुसरी म्हणजे बाजारपेठेची, जी 1828-29 च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात वसली. तिला त्याच्या नावावरून माल्कम पेठ असं नाव मिळालं. दोन्हींमध्ये सहा-सात किलोमीटरचं अंतर आहे. कागदावर माल्कम पेठ लिहिलं गेलं, पण पर्यटकाच्या तोंडी महाबळेश्वरच राहिलं. मग मूळच्या गावालाच आपली ओळख पटवायला "क्षेत्र" हा शब्द पुढे जोडावा लागला!

तुम्ही सोळा-चोवीस फ्लॅटची छोटी स्कीम करणारे बिल्डर असाल, जमीनमालक म्हणून भागीदारीत उतरत असाल किंवा नवीन सोसायटीचे मुख्य प्रवर्तक म्हणून कागद गोळा करत फिरत असाल, तर ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. नाव तुम्ही ठेवता, पण ते टिकणार की नाही हे ठरवतो तो पत्ता विचारणारा माणूस आणि पत्ता सांगणारा माणूस. रहिवाशाला ते नाव अभिमानाने घेता आलं पाहिजे आणि अनोळखी माणसाला ते पहिल्या खेपेत समजलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच नावात बसवायच्या आहेत आणि त्या बसतात. फक्त ब्रोशर छापायच्या आदल्या रात्री बसत नाहीत.

"व्हॅली व्ह्यू" नेमकं कोणतं?

आमच्या कार्यशाळेला येणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितलेला प्रसंग सांगतो. ठिकाण आणि कॉम्प्लेक्सचं नाव मुद्दाम देत नाही. डोंगरावरची स्कीम, नाव इंग्रजी, त्यात "व्हॅली" आणि "व्ह्यू" दोन्ही शब्द. जुलै महिना, धुकं असं की गाडीचं बॉनेट संपलं की जग संपलं. रात्री एका आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. मुलाने ॲम्ब्युलन्सला फोन करून कॉम्प्लेक्सचं नाव सांगितलं. गाडी निघाली आणि पोचली त्याच धर्तीच्या नावाच्या एका हॉटेलला. तिथला वॉचमन म्हणाला, इथे कोणी आजारी नाही. पुन्हा फोन, पुन्हा "व्हॅली व्ह्यू", पुन्हा "हो हो, तिथेच आहे". शेवटी मुलगा टॉर्च घेऊन मुख्य रस्त्यावर येऊन उभा राहिला तेव्हा गाडी सापडली. वीस-पंचवीस मिनिटं गेली. आजोबा वाचले. पण त्यानंतर त्या सोसायटीत नाव बदलायचा विषय जो निघाला, तो दोन वर्षं मिटला नाही.

नाव वाईट नव्हतं. दरी खरोखर दिसायची. पण महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात दरी कोणाला दिसत नाही? जे वर्णन सगळ्यांना लागू पडतं, त्याने कोणीच ओळखू येत नाही. व्हॅली, व्ह्यू, हिल, ग्रीन, मिस्ट, सनसेट हे शब्द डोंगरावर पत्त्याच्या कामाचे नाहीत. तेच शब्द सपाटीवरच्या कराडात किंवा सांगलीत कदाचित वेगळे वाटतील.

आता इथल्या पॉइंटांची नावं बघा. त्यांत शिकण्यासारखं बरंच आहे. सिंदोळा नावाच्या टेकडीला गव्हर्नर विल्सनचं नाव मिळालं आणि ती विल्सन पॉइंट झाली. आज पर्यटक मात्र "सनराइज पॉइंट कुठे?" असंच विचारतो. बॉम्बे पॉइंटचं तेच झालं, तो सनसेट पॉइंट झाला. का? कारण पाहुण्याला विल्सन कोण याच्याशी देणंघेणं नाही. त्याला पहाटे कुठे जायचं हे हवं आहे आणि ते त्या नावातच सांगितलेलं आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे सनराइज पॉइंट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे एकच टेकडी येते. उद्या चार टेकड्यांनी स्वतःला सनराइज म्हणवून घेतलं, तर लोक पुन्हा विल्सनकडे वळतील.

थोडक्यात, पाहुण्याला नावातून काहीतरी कळलं पाहिजे आणि ते काहीतरी फक्त तुमच्याच जागेला लागू पडलं पाहिजे.

अभिमान कुठून येतो?

बिल्डर मंडळींचा एक ठाम समज असतो. मुंबई-पुण्याचा माणूस सेकंड होम घेतोय, म्हणजे त्याला इंग्रजी, शक्य असेल तर इटालियन नाव पाहिजे. मी याच्याशी फारसा सहमत नाही. इंग्रजी नाव वाईट असतं असं नाही, पण उसनं नाव घेतलं की तो अभिमान बुकिंगच्या दिवसापुरता राहतो. पुढे दूधवाला, गॅसवाला, केअरटेकर त्या नावाचा जो उच्चार करतात, तो मालकालाच हसू आणतो. हळूहळू मालक स्वतःही नाव घ्यायचं टाळतो आणि "ते पेट्रोल पंपाच्या पुढचं कॉम्प्लेक्स" म्हणायला लागतो. हे झालं की समजा, तुमचं नाव बाद झालं.

याच्या उलट उदाहरणं तुमच्याच तालुक्यात आहेत. पाचगणीजवळचं भिलार 4 मे 2017 पासून "पुस्तकांचं गाव" म्हणून ओळखलं जातं. मांघरला 2022 मध्ये "मधाचं गाव" ही ओळख मिळाली. दोन्ही गावांनी आपलं मूळ नाव बदललं नाही. भिलार भिलारच राहिलं, पत्ता तोच राहिला, एसटीची पाटी तीच राहिली. अभिमानाची गोष्ट नावाच्या शेजारी येऊन बसली. आणि ती उसनी नव्हती. मांघरमध्ये मधपाळ खरोखर आहेत, भिलारमध्ये घराघरांत पुस्तकं खरोखर मांडलेली आहेत. पाहुणा आला की गावकरी दाखवू शकतो, "हे बघा, म्हणून हे नाव."

मला वाटतं अभिमानाची खरी परीक्षा हीच आहे. "असं नाव का?" असं कोणी विचारलं तर रहिवाशाला हाताने काही दाखवता आलं पाहिजे. झाड, ओढा, खडक, जुनी विहीर, काहीही. "बिल्डरला आवडलं म्हणून" हे उत्तर दाखवण्यासारखं नाही.

पुण्याचं एक मोठं उदाहरण घेऊ. सिंहगड रस्त्यावरची नांदेड सिटी. जमीन नांदेड गावची, शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उभी केलेली टाउनशिप, म्हणून गावाचंच नाव ठेवलं. ज्यांची जमीन होती त्यांच्यासाठी यापेक्षा मानाची गोष्ट कोणती? पण मराठवाड्यात नांदेड नावाचं मोठं शहर आहे, जिल्हा आहे. बाहेरगावच्या माणसाला तुम्ही "नांदेड सिटीत राहतो" म्हणालात की तो आधी गोदावरीकाठी जातो. त्यामुळे तिथल्या लोकांना "पुण्यातलं, सिंहगड रोडचं" हे शेपूट लावावं लागतं. म्हणून मी त्या नावाला चूक म्हणणार नाही, अभिमानाची बाजू इतकी भक्कम आहे की शेपूट परवडतं. पण तुमची चोवीस फ्लॅटची स्कीम आहे. तुमच्या मागे सातशे एकर नाहीत. तुम्हाला ते शेपूट परवडणार नाही.

त्याच नांदेड सिटीत आतल्या गृहसंकुलांना संगीतातली नावं आहेत. आसावरी, मधुवंती, ललित, मंगल भैरव. किती सुंदर कल्पना! एका सूत्रात बांधलेली, बोलायला गोड. पण त्यातच एक "सारंग" आहे आणि एक "सरगम" आहे. आता फोनवर, पावसात, हेल्मेट घातलेल्या डिलिव्हरी बॉयला "सरगम" सांगून बघा. मी काय म्हणतोय ते कळेल. एकाच आवारातली दोन नावं एकाच अक्षराने सुरू होता कामा नयेत, आणि त्यांचा नाद तर मुळीच सारखा नको.

चला, एक नाव प्रत्यक्ष ठेवू

समजा महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावर, वेण्णा तलाव मागे टाकून लिंगमळ्याच्या बाजूला तुमचा प्लॉट आहे. तीन छोट्या इमारती, प्रत्येकी आठ फ्लॅट, एकूण चोवीस. मागे एक घळ उतरते, तिच्या कडेला अंजनाची झाडं आहेत. भागीदारांच्या बैठकीत चार नावं आली आहेत.

पहिलं, "वेण्णा हाइट्स". नदी इथली, नाव इथलं, छान वाटतं. पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे रोमन लिपीत लोक ते Venna लिहितात, जुन्या नोंदींत Yenna सापडतं, कोणी Vena लिहितो. मोबाइलवर शोधणाऱ्याने कोणतं टाइप करायचं? दुसरी अडचण मोठी आहे. Venna टाइप केलं की आधी येणार वेण्णा तलाव, मग तलावाकाठची हॉटेलं. मोठ्या नावाच्या सावलीत छोटं नाव सापडत नाही. "कृष्णा"चंही तेच. Krishna की Krushna हा घोळ तर आपल्या मराठी घराघरात आहे.

दुसरं, एका भागीदाराच्या आईचं नाव. भावना समजते. पण दहा वर्षांनी तिथे चोवीस कुटुंबं असतील, आणि त्यातल्या तेवीस जणांसाठी त्या नावामागे दाखवण्यासारखं काही नसेल. आईचं नाव आवारातल्या बागेला किंवा हॉलला द्या. ते जास्त प्रेमाने टिकेल. आडनाव आणि समाजाचं नाव तर टाळाच. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. जुनी नावं पुसायला सरकारला एवढी खटपट करावी लागतेय, तर आपण नवीन कशाला तयार करायची?

तिसरं, महाराजांचं नाव. साताऱ्यात, प्रतापगडाच्या सावलीत, हे सुचणारच. पण थांबा. 1950 चा बोधचिन्हे आणि नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे आणि व्यवसायासाठी ते वापरण्यावर निर्बंध आहेत. वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. आणि मनाला एक प्रश्न विचारा. उद्या मेंटेनन्स थकला म्हणून त्या नावाने नोटिसा निघणार, भांडणं होणार. बरं दिसेल का ते?

चौथं, "अंजनदरा". मागे अंजन आहे, मागे दरा आहे. महाबळेश्वरच्या जंगलात अंजन, जांभूळ, हिरडा, गेळा ही झाडं सगळ्यांना माहीत. अंजनाला निळीजांभळी फुलं येतात तेव्हा फांद्या भरून जातात, मालक पाहुण्याला खिडकीतून दाखवू शकतो. ज्या भागीदाराला "व्हॅली" हवी होती त्याचीही दरी यात आली, तीही इथल्या शब्दात. रोमनमध्ये Anjandara, दुसरं काही लिहायचं ठरवलं तरी सुचत नाही. ळ नाही, ण नाही, ज्ञ नाही.

आधी माझ्या मनात "अंजनबन" होतं. ते का सोडलं ते सांगतो, कारण ही परीक्षा तुम्हालाही घ्यायची आहे. ओळखीच्या सात-आठ जणांना फोन करा. नाव एकदाच, नेहमीच्या वेगाने सांगा. त्यांना ते मराठीत आणि रोमनमध्ये लिहून तुम्हाला पाठवायला सांगा. त्यात दोन टॅक्सीवाले, एक कुरिअरवाला, एक अमराठी माणूस आणि एक साठीपुढची व्यक्ती हवीच. "बन" हे काहींना "वन" ऐकू येतं, मग Anjanban आणि Anjanvan अशी दोन नावं तयार होतात. निम्म्याहून जास्त लोकांनी एकसारखं लिहिलं नाही, तर नाव बदला. त्यावर वाद घालत बसू नका. तुम्ही प्रत्येक डिलिव्हरी बॉयशी वाद घालणार नाही आहात.

मग ते नाव नकाशावर शोधा. महाबळेश्वर, पाचगणी, वाई, मेढा एवढ्या टापूत त्या नावाचं हॉटेल, रिसॉर्ट, बंगला, शाळा काही नाही ना? शंभर किलोमीटरवर असेल तर फार काळजी नको. पण पाच किलोमीटरवर हॉटेल असेल तर नाव कितीही आवडो, सोडून द्या. हॉटेलवाला जाहिरातीवर जो खर्च करतो, तो तुम्ही कधीच करणार नाही.

आता तीन इमारती. ए, बी, सी नको. फोनवर बी, डी, ई सगळं एकच ऐकू येतं. "कारवी", "जांभूळ" आणि "हिरडा" ठेवा. क, ज, ह. तिन्हींची सुरुवात वेगळी, नाद वेगळा, आणि गेटमधून आत येताना वर्णमालेच्या क्रमानेच लागतात. जांभूळ समोर दिसलं की हिरडा पुढे असणार हे आपोआप कळतं. फ्लॅट क-101, ज-101, ह-101. घरपट्टीच्या नोंदीत, वीजबिलावर, दारावर अगदी हेच लिहा. एका ठिकाणी "इमारत 2" आणि दुसरीकडे "जांभूळ" असं झालं की पुढे कर्ज काढताना बँक खुलासा मागत बसते.

कागदावर नाव कधी पक्कं होतं?

इथे बरेच नवखे लोक फसतात, म्हणून सावकाश वाचा.

प्रकल्पाचं नाव आणि सोसायटीचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकल्पाचं नाव तुम्ही महारेरात नोंदणी करताना देता. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तर ही नोंदणी लागत नाही, पण आपल्या उदाहरणात चोवीस आहेत, म्हणजे जमीनही 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर लागणार. तिथे दिलेलं नाव मग जाहिरातीत, करारनाम्यात, कर्जाच्या कागदात सगळीकडे जातं. म्हणजे वर सांगितलेली सगळी परीक्षा महारेराच्या अर्जाच्या आधी झाली पाहिजे.

सोसायटीचं नाव पुढे येतं. रेरा कायद्यानुसार निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांच्या आत खरेदीदारांची संस्था स्थापन करण्याची जबाबदारी बिल्डरवर येते. चोवीसपैकी तेरा बुकिंग झाली की घड्याळ सुरू. मग प्रवर्तक मंडळी सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात नाव राखून ठेवण्यासाठी आणि बँक खातं उघडण्याच्या परवानगीसाठी अर्ज करतात. तोपर्यंत संस्थेच्या नावापुढे "नियोजित" असतं. तेच किंवा फार मिळतंजुळतं नाव आधीच नोंदलेलं असेल तर अडचण येते. म्हणून तीन नावं पसंतीच्या क्रमाने लिहूनच जा, म्हणजे दुसरी खेप टळते.

सोसायटीने प्रकल्पाचंच नाव घ्यावं असं बंधन नाही. रहिवाशांना तुमचं नाव आवडलं नसेल, तर बदलायची सगळ्यात स्वस्त वेळ हीच. नोंदणी झाल्यावर बदलायचं तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 15 प्रमाणे सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकांची मंजुरी लागते. संस्थेचे हक्क आणि देणी तशीच राहतात, त्याची भीती नको. त्रास असतो तो नंतरचा. बँक खातं, पॅन, वीजमीटर, घरपट्टी, शेअर सर्टिफिकेट, नकाशावरची खूण, कमान आणि चोवीस घरांचे आधार कार्डावरचे पत्ते. वर ज्या सोसायटीची गोष्ट सांगितली, तिथे वाद नावाचा नव्हताच. हे सगळं कोण करणार याचा होता.

म्हणून बिल्डर मित्रांना माझं सांगणं, पहिल्या सात-आठ खरेदीदारांना दोन-तीन गाळलेली नावं दाखवा आणि निवडू द्या. कोरा कागद देऊ नका, नाहीतर चोवीस नावं येतील आणि शेवटी "हॅपी होम्स" वर तडजोड होईल.

पाटी: नाव किती लांब परवडतं?

नाव लांब झालं की पाटीवर अक्षर लहान होतं. साधी गोष्ट आहे, पण नाव ठरवताना कोणी हा हिशोब करत नाही. पाटी करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे, एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. घाटरस्त्यावर गाडी ताशी तीस किलोमीटरने येते असं धरा. म्हणजे सेकंदाला आठ मीटरपेक्षा थोडं जास्त. पाटी वाचून, ब्रेक लावून वळायला चार सेकंद तरी हवेत. त्यात गाडी सुमारे तेहतीस मीटर, म्हणजे एकशेदहा फूट पुढे येते. अक्षर निदान अकरा इंचाचं पाहिजे.

आता दहा फूट रुंद पाटी घ्या, एकशेवीस इंच. देवनागरी अक्षर जेवढं उंच जवळजवळ तेवढंच रुंद धरा. "श्री महाबळेश्वर व्हॅली व्ह्यू रेसिडेन्सी" या नावात चौदा अक्षरं आणि चार मोकळ्या जागा, अठरा घरं झाली. एका घराला पावणेसात इंचही मिळत नाहीत. म्हणजे वाचता येईल तेव्हा गाडी अडीच सेकंदांवर आलेली असते, ड्रायव्हर पुढे जातो आणि वळायला जागा शोधतो. "अंजनदरा" मध्ये अक्षरं पाच. बारा-पंधरा इंचाची सहज बसतात, खाली रोमनसाठीही जागा राहते.

उंची मोजताना वेलांट्या, रफार आणि उकार सोडून मधलं अक्षर मोजायला पेंटरला सांगा. नाहीतर तो वरच्या रफारापासून खालच्या उकारापर्यंत मोजून "बारा इंच झालं साहेब" म्हणेल आणि प्रत्यक्ष अक्षर आठ इंचाचं निघेल. फार नक्षीदार वळणाची अक्षरंही नकोत, पावसात त्यांच्या पोकळ्या भरून येतात आणि "द" चा "ट" होतो. महाबळेश्वरच्या पावसात साधा पत्रा गंजतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि धुक्यात उजेड समोरून टाकू नका. समोरून टाकलेला दिवा आधी धुकंच उजळतो. अक्षराच्या आतून किंवा मागून उजेड येऊ द्या.

"सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित", नोंदणी क्रमांक आणि नोंदणीकृत पत्ता असलेली पाटी आदर्श उपविधीप्रमाणे लावायचीच आहे. पण ती गेटजवळ, थांबलेल्या माणसाला वाचता येईल अशी वेगळी लावा. रस्त्यावरच्या पाटीत ते सगळं कोंबू नका.

शेवटचं काम नकाशाचं. खूण इमारतीच्या छपरावर नाही, गेटवर ठेवा. डोंगरात हा फार मोठा फरक आहे. छपरावर खूण ठेवली आणि खालचा रस्ता छपराला जास्त जवळ असला, तर ॲप पाहुण्याला खालच्या रस्त्यावर नेऊन "तुम्ही पोचलात" म्हणतं. वर बघितलं तर चाळीस फुटांवर तुमची बाल्कनी! खूण टाकल्यावर स्वतः दोन्ही बाजूंनी, एकदा पाचगणीकडून आणि एकदा बाजाराकडून, ॲपच्या सांगण्यावरून गाडी चालवत या.

आणि मग एक मजकूर तयार करून सगळ्या चोवीस घरांना आणि वॉचमनला द्या. सगळ्यांनी तोच पाठवायचा, आपापला बनवायचा नाही:

"अंजनदरा (Anjandara), महाबळेश्वर-पाचगणी रस्ता, लिंगमळा, महाबळेश्वर 412806. बाजाराकडून येताना वेण्णा तलावानंतर डावीकडे की उजवीकडे ते इथे लिहा, आणि तलावापासूनचं अंतर. इमारत कारवी / जांभूळ / हिरडा, फ्लॅट क्रमांक. गेटवरचा फोन."

डावीकडे-उजवीकडे लिहिताना पाहुणा कुठून येतोय ते आधी लिहायला विसरू नका. पुण्याहून येणाऱ्याला तलावाआधीच तुमचं गेट लागतं आणि त्याची डावी तुमची उजवी असते. म्हणून तोच मजकूर दोन प्रकारे करा, एक "पाचगणीकडून येताना" आणि एक "बाजाराकडून येताना". वॉचमनच्या केबिनमध्ये दोन्ही छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून, फोनच्या वर चिकटवा. रात्री ॲम्ब्युलन्सवाल्याला पत्ता सांगताना हात थरथरत असतात. तेव्हा आठवावं लागू नये, नुसतं वाचता यावं.